मदत हवी आहे: स्कायलाइटचा कवडसा खोटा वाटतोय (ब्लेंडर, सायकल्स)

कोनमापक
पुण्यातल्या दुमजली बंगल्याचं इंटिरियर रेंडर करतेय. मधला चौक ३ × ३ मी. आणि वर बरोबर मध्यभागी १.५ × १.५ मी.चा आडवा स्कायलाइट, त्यात ५ सें.मी. जाडीची एक पट्टी. फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंत उंची ६.३ मी., स्लॅब आणि वरचा कठडा मिळून आणखी ४५ सें.मी.

Sun लाइटचा `Angle` 0 ठेवलाय. काचेला `Glass BSDF` लावलं की कवडसा जवळपास गायब होतो. काच काढली तर येतो, पण कागद कापून चिकटवल्यासारखा. बाकी चौक काळपट आणि ठिपक्यांचा. क्लायंटला डिसेंबरातली दुपार हवी आहे, चौकातल्या डायनिंग टेबलावर ऊन पडलेलं. काय चुकतंय?

चुनाविटा
`Angle` 5° करा, कडा लगेच मऊ होतील. शिवाय डिसेंबरात सूर्य खाली असतो, त्यामुळे कवडसा लांबट दिसायला हवा.

सावलीकर
कडा मऊ हव्यात हे बरोबर, पण 5° फार झाले. सूर्याचा कोनीय व्यास साधारण अर्धा अंश, म्हणून `Angle` 0.526° ठेवा. साडेसहा मीटर अंतरावर कडेचा धूसर पट्टा त्याने सुमारे ६ सें.मी.चा होतो. 5° ला तोच पट्टा ५७ सें.मी.चा होईल आणि दीड मीटरच्या कवडशात मधला पूर्ण उजळ भाग सुमारे ९३ सें.मी.च उरेल. खरेपणा पट्टीच्या सावलीवरून कळतो. पट्टी ५ सें.मी.ची आणि धूसरपणा ६ चा, म्हणजे फरशीवर तिची सावली पूर्ण गडद होऊच शकत नाही, मऊ कडांचा राखाडी पट्टा दिसतो. तुमच्याकडे ती काळी रेघ पडत असणार.

लांबट कवडसा भिंतीतल्या खिडकीचा. आडव्या झरोक्यातून आडव्या फरशीवर पडणारा कवडसा झरोक्याच्याच मापाचा असतो, सूर्य कुठेही असो. सूर्य कलला की कठड्याच्या जाडीमुळे तो उलट थोडा कापला जातो.

काच काढू नका. सायकल्स `Glass BSDF` मधून सावलीचे किरण थेट जाऊ देत नाही. `Mix Shader` मध्ये `Glass BSDF` आणि `Transparent BSDF` जोडा, `Factor` ला `Light Path` मधलं `Is Shadow Ray` द्या आणि `Transparent` चा रंग 0.85 च्या आसपास ठेवा.

गच्चीवरची_बाग
आमच्या चौकावर दुधी पॉलिकार्बोनेट आहे. उजेड भरपूर, पण असा चौकोन कधीच पडत नाही. काच बसवण्याआधी उन्हाळ्याचा विचार करा.

सावलीकर
इथे प्रश्न रेंडरचा आहे, पण मुद्दा कामाचा आहे. दुधी पत्रा असेल तर कवडसा दाखवणंच चूक. आर्किटेक्टकडून खात्री करून घ्या.

आता डिसेंबर. २१ डिसेंबरला पुण्यात माध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८° वर असतो, दक्षिणेकडे. तुमच्या मापांत ऊन उत्तरेच्या भिंतीवरच अडतं, स्लॅबखाली ०.८ ते २ मी. या पट्ट्यात. म्हणजे फरशीपासून सव्वाचार मीटरच्या वरच. टेबलापर्यंत ते येतच नाही. माध्यान्हीचं ऊन फरशीला टेकायला सूर्य साधारण ७१.५° वर हवा, म्हणजे २१ मार्च ते २३ सप्टेंबर, आणि त्यातलेही पावसाळ्याचे महिने ढगांचे.

१५ एप्रिल, दुपारी १२:३५ घेऊन बघा. सूर्य ८१° वर. कवडसा उत्तरेकडे जवळपास एक मीटर सरकेल, सुमारे १.२ मी. फरशीवर पडेल आणि उरलेला भिंतीवर दीड मीटर चढेल. फरशी आणि भिंतीच्या कोनात पडलेली ही घडी नजरेला लगेच पटते.

कोनमापक
१५ एप्रिल लावून बघितलं. घडी आली, पट्टीची सावलीही राखाडी झाली. पण कोपऱ्यांतले ठिपके तसेच आहेत.

सावलीकर
स्लॅबच्या तळाशी झरोक्याच्या मापाचा Area लाइट खाली तोंड करून ठेवा आणि `Portal` वर टिक करा. तो स्वतः उजेड देत नाही, सायकल्सला आकाश कुठून दिसतं तेवढं दाखवतो. `Sky Texture` असेल तर `Sun Disc` बंद ठेवा, नाहीतर दोन सूर्य होतील. `Diffuse` बाउन्स 4 वरून 10 करा. भिंतीचा पांढरा 0.8 च्या वर नको. 1.0 असेल तर उजेड उसळतच राहतो आणि उतार सपाट होतो.

आकाशाचा थेट उजेड झरोक्याच्या खाली सर्वांत जास्त असतो. उंचीइतकं बाजूला गेलं की तो चौथाई होतो. तुमचा चौक त्या मानाने अरुंद, म्हणून फरशीवर हा उतार हळूच दिसेल. कोपरे काळे राहिले तर भिंतींचे रंग तपासा.

चुनाविटा
क्लायंटला डिसेंबरच हवा असेल तर सूर्य हाताने फिरवला तर काय बिघडतं? कोण मोजणार आहे?

सावलीकर
घरात राहणारा माणूस डिसेंबरात वर बघेल तेव्हा त्याला ऊन भिंतीवर दिसेल. त्यापेक्षा उत्तर भिंतीवरचा कवडसा घेऊन कॅमेरा वर वळवा.

कोनमापक
वरच्या मजल्याच्या गॅलरीतून एक फ्रेम लावून बघते. टेबलाचं मात्र क्लायंट ऐकतील असं वाटत नाही. एप्रिलचं चित्र 'हिवाळा' म्हणून देणं मला पटत नाहीये. तुम्ही लोक अशा वेळी चित्राखाली तारीख-वेळ लिहिता का?