फ्रेश ट्रान्सफर ऐनवेळी रद्द, सगळे एम्ब्रियो फ्रीझ करणार म्हणतात. मदत हवी आहे

मुलुंडची_सई:
नमस्कार. आमचं पहिलंच आयव्हीएफ आहे. वय ३१, पीसीओडी, एएमएच ८.४. क्लिनिक दादरला. सोमवारी पिक-अप झालं, २३ बीजांडं निघाली, त्यातली १७ परिपक्व होती आणि १३ फलित झाली. शनिवारी, म्हणजे पाचव्या दिवशी, ट्रान्सफर करायचं ठरलं होतं. मी ऑफिसात रजाही टाकली होती.

आज फोन आला की ट्रान्सफर करायचं नाही, सगळे एम्ब्रियो फ्रीझ करू. कारण एवढंच सांगितलं की हार्मोन फार वाढलेत. फ्रीझिंगचे पैसे वेगळे, ते ठेवण्याचं वर्षाचं भाडं वेगळं आणि पुढच्या ट्रान्सफरचे परत वेगळे. नवरा म्हणतो, आपण फ्रेशचाच आग्रह धरू. सासूबाई विचारतात, ताजं सोडून गोठवलेलं कशाला? माझ्याकडे उत्तर नाही. हल्ली ओळखीतल्या ज्या त्या बाईचं फ्रीझच होतंय. यात खरं वैद्यकीय कारण किती आणि पैशाचं किती?

अमोल_ठाणे:
ताई, अजिबात काळजी करू नका. फ्रोझनचा सक्सेस रेट फ्रेशपेक्षा जास्तच असतो, हे आता सिद्ध झालंय. इंजेक्शनांनी शरीर दमलेलं असतं, महिनाभर विश्रांती मिळाली की गर्भाशय तयार होतं. आमचंही फ्रोझनमध्येच झालं, मुलगी दोन वर्षांची आहे. डोळे मिटून हो म्हणा.

लॅबमधली_मावशी:
सई, मी मुंबईत १६ वर्षं एम्ब्रियॉलॉजिस्ट होते, आता काम करत नाही. फाइल काढून दोन गोष्टी बघशील का? ट्रिगरचं, म्हणजे पिक-अपआधी बीजांडं पिकवायचं, इंजेक्शन कोणतं होतं आणि त्या दिवशीचं इस्ट्राडिऑल हे हार्मोन किती होतं?

मुलुंडची_सई:
मावशी, ट्रिप्टोरेलिन ०.२ मिलिग्रॅम असं लिहिलंय. इस्ट्राडिऑल ५,१००.

लॅबमधली_मावशी:
मग तुझा फ्रीझचा निर्णय आज झालेला नाही, तो ट्रिगरच्या रात्रीच झाला होता. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, ही क्लिनिकची चूकच आहे.

ट्रिगरचं नेहमीचं इंजेक्शन एचसीजी या हार्मोनचं असतं. ते शरीरात बरेच दिवस टिकतं आणि अंडाशयाला ढोसत राहतं. तुझ्यासारखी वीस-पंचवीस फॉलिकल्स असली की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साठतं. पोट टम्म फुगतं, लघवी कमी होते, दम लागतो, रक्त दाट होऊन गुठळी होण्याची भीती असते. त्यात फ्रेश ट्रान्सफर केलं आणि दिवस राहिले, तर गर्भ स्वतःच एचसीजी तयार करू लागतो. उतरणीला लागलेला त्रास पिक-अपनंतर दहाएक दिवसांनी पुन्हा उसळतो, आणि तो जास्त वाईट असतो. असा त्रास होऊन आयसीयूत गेलेली एक मुलगी मी पाहिली आहे. तिची गुड न्यूजच तिच्या जिवावर उठली होती.

तुला दिलेलं ट्रिप्टोरेलिन वेगळं काम करतं. ते तुझ्याच मेंदूतल्या ग्रंथीकडून एलएच या हार्मोनची लाट सोडवतं, आणि ती साधारण दिवसभरात ओसरते. अंडाशय झपाट्याने शांत होतं, पाणी साठण्याचा धोका खूपच कमी होतो. पण बीजांड निघून गेल्यावर मागे जो पिवळा भाग उरतो, ज्याच्या प्रोजेस्टेरॉनवर गर्भाशयाचं अस्तर टिकतं, तोही त्याबरोबर कोलमडतो. अशा अस्तरावर शनिवारी एम्ब्रियो सोडला तर तो रुजण्याची शक्यता कमी आणि रुजला तरी गर्भपात होण्याची जास्त. काही डॉक्टर जादा औषधं देऊन ते अस्तर सावरायचा प्रयत्न करतात, पण ५,१०० इस्ट्राडिऑल असताना मी माझ्या भाचीला तो सल्ला देणार नाही.

अमोल, तुमचं अर्धं बरोबर आहे. २०१६ साली चीनमध्ये पीसीओएसच्या, म्हणजे आपण पीसीओडी म्हणतो त्याच्या, १,५०८ बायकांवर चाचणी झाली. फ्रोझनमध्ये शंभरात ४९ जणींना मूल झालं, फ्रेशमध्ये ४२. पोटात पाणी साठण्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास फ्रेशमध्ये ७.१ टक्के आणि फ्रोझनमध्ये १.३ टक्के बायकांना झाला. पण २०१८ मध्ये पीसीओएस नसलेल्या बायकांवर चीन आणि व्हिएतनाममध्ये दोन चाचण्या झाल्या, त्यांत मूल होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे सईसाठी जे चांगलं, ते सगळ्यांसाठी चांगलं असं नव्हे.

नयना_बोरिवली:
मग माझं काय, मावशी? वय ३९, पीसीओडी नाही, चारच बीजांडं निघाली, दोन एम्ब्रियो झाले. दोन्ही फ्रीझ केले. "आमच्याकडे सगळ्यांचं फ्रीझच करतो" म्हणाले. वितळवताना एक टिकलाच नाही, दुसरा टाकला तो रुजला नाही. फ्रेश केलं असतं तर?

लॅबमधली_मावशी:
नयना, वाचून वाईट वाटलं. फ्रेशने मूल झालंच असतं असं मी म्हणू शकत नाही. पण चार बीजांडांना पाणी साठण्याची भीती नसते. ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन दीडच्या वर गेलं असेल, अस्तर पातळ किंवा त्यात पॉलिप असेल, किंवा गुणसूत्रांची तपासणी करायची असेल, तर फ्रीझला कारण असतं. त्यातलं काही नव्हतं तर "सगळ्यांचंच करतो" हे कारण होत नाही. त्यामागे लॅबची सोयही असते. रविवारचे ट्रान्सफर टळतात, तारखा आपल्या हातात राहतात.

सई, सासूबाईंना सांग की हे फ्रीजरमध्ये भाजी ठेवण्यासारखं नाही. पूर्वी हळूहळू गोठवायचे, तेव्हा आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटायच्या. आता व्हिट्रिफिकेशनमध्ये पाणी काढून घेऊन क्षणात उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात, त्यामुळे बर्फ होतच नाही. चांगल्या लॅबमध्ये शंभरातले ९५च्या आसपास ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत वाढलेले एम्ब्रियो, वितळवल्यावर जिवंत असतात. तुमच्या लॅबचा स्वतःचा आकडा विचार, आणि तो लेखी माग.

अमोल_ठाणे:
मावशी, चूक कबूल. पण फ्रोझनमध्ये बायकोला आठव्या महिन्यात बीपी वाढलं होतं. त्याचा याच्याशी संबंध असतो का?

लॅबमधली_मावशी:
तुमच्या घरी ते कशामुळे झालं, हे सांगता येणार नाही. पण मी म्हटलेल्या २०१६च्या चाचणीतच फ्रोझन गटात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर त्रास, जास्त होता, ४.४ विरुद्ध १.४ टक्के. गोळ्यांवर अस्तर तयार करतात तेव्हा बीजांड सुटत नाही, म्हणून तो पिवळा भागही नसतो, आणि धोका त्यामुळे वाढतो असा बऱ्याच डॉक्टरांचा संशय आहे. म्हणून सई, पुढच्या महिन्यात लेट्रोझोल देऊन बीजांड सुटू देऊन ट्रान्सफर होईल का, हे आत्ताच विचार.

नयना_बोरिवली:
आमचे डॉक्टर पीसीओडीवाल्यांना लेट्रोझोलला नाही म्हणतात. पीसीओडीत बीजांड कधी सुटेल याचा भरवसा नसतो, तीन-चार सोनोग्राफ्या लागतात आणि सायकल रद्दही होते, असं सांगतात.

लॅबमधली_मावशी:
तेही खोटं नाही. यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही.

मुलुंडची_सई:
शनिवारी रात्रीचं अपडेट. पाच ब्लास्टोसिस्ट फ्रीझ झाले. डॉक्टरांशी बोलले, ट्रिगरच्या वेळी सांगायला हवं होतं हे त्यांनी मान्य केलं. फ्रीझिंगच्या पैशात सूट मिळाली नाही. लेट्रोझोलचं "पाळी आल्यावर बघू" म्हणाले. पोट जड वाटतंय, पण सोमवारपासून वजन अर्धाच किलो वाढलंय.

लॅबमधली_मावशी:
रोज सकाळी त्याच काट्यावर वजन कर. एका दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर रात्र असली तरी फोन कर. पाळी या आठवड्यात येईल. आली की इथे लिही, लेट्रोझोलबद्दल काय म्हणाले ते मलाही ऐकायचंय.