जायकवाडीचा प्रश्न एका पानात : टिपणीत पर्याय म्हणून नेमके काय मांडावे?

प्रवराकाठ :
समन्यायी पाणीवाटपाचा, म्हणजे नगर-नाशिककडच्या धरणांतून खाली पैठणच्या जायकवाडीसाठी किती पाणी सोडायचे याचा, निर्णय घेताना वरिष्ठांसमोर सगळा विषय एका पानात, तीन पर्यायांसह ठेवला जातो, असे पाटबंधाऱ्यातल्या एका परिचिताने सांगितले. पाच धरणसमूह, दोन महसूल विभाग, उच्च न्यायालयाचा निकाल आणि आमचे रब्बी, हे सगळे एका पानात बसवणे हा आमच्यावर उघड अन्याय आहे. ज्यांना शंभर पाने वाचायला वेळ नाही त्यांनी निर्णय घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त कार्यासन :
हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरीत अशा टिपण्या मी लिहिल्या आहेत आणि तपासल्याही आहेत. ती शंभर पाने नस्तीत असतातच. पहिल्या पानाचे काम वेगळे असते. कोणता आदेश हवा आहे, कोणत्या तारखेपर्यंत हवा आहे आणि त्या आदेशात वरिष्ठांच्या हातात खरोखर काय आहे, एवढेच त्या पानाने सांगायचे असते. शंभर पानांत या तीन गोष्टी विखुरलेल्या राहिल्या, तर शेऱ्यात 'चर्चा करावी' असे येते, नस्ती परत खाली जाते आणि ऑक्टोबरचा नोव्हेंबर होतो.

माझा आक्षेप पानाच्या लांबीवर नाही, पर्यायांवर आहे. या विषयात बहुतेक टिपण्यांचे साचेबद्ध पर्याय असे असतात : पाणी सोडावे, पाणी सोडू नये, किंवा समिती नेमून अहवाल मागवावा. यातला दुसरा पर्याय मुळात उपलब्धच नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातले कलम १२(६)(ग), प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा आदेश आणि २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल यांनी तो दरवाजा बंद केलेला आहे. तिसरा पर्याय म्हणजे उशीर. उरतो एकच, आणि मग वरिष्ठांकडून निर्णय घेतला जात नाही, फक्त सही घेतली जाते.

खरे पर्याय तारखेचे आणि वाटणीचे असतात. २०२३ मध्ये आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. मुळा समूहातून २.१० टीएमसी, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूरमधून ०.५ आणि दारणा समूहातून २.६४३, असे एकूण ८.६०३ टीएमसी सोडायचे ठरले. प्रत्यक्षात पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मधल्या काळात नदीचे पात्र सुकत गेले, आणि सुकलेले पात्र आधी आपली तहान भागवते, मग पाणी पुढे जाऊ देते. आदेशातला आकडा धरणाच्या पायथ्याशी मोजलेला असतो, पैठणला पोहोचणारा आकडा त्याहून लहान असतो, आणि या दोहोंतले अंतर दर आठवड्याला वाढते. ही एक ओळ त्या पानावर असेल, तर 'आदेशाच्या दिवसापासून इतक्या दिवसांत विसर्ग सुरू करणे' हा खरा पर्याय होतो.

पैठणचा मोसंबीवाला :
प्रवराकाठ यांनी अन्यायाची भाषा करावी याचे मला फार वाईट वाटते. २०१२-१३ च्या दुष्काळात माझ्या वडिलांनी वीस वर्षांची मोसंबीची बाग स्वतःच्या हाताने तोडली. टँकरने जगवायचा प्रयत्न केला, पण फळझाडाला टँकर पुरत नाही. म्हणून मी तर म्हणतो, पर्याय हवेतच कशाला? १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के पाणी नसेल, तर ६५ टक्के होईपर्यंत वरून पाणी सोडलेच पाहिजे. नियम सरळ आहे आणि तो एका ओळीत मावतो. एक पानसुद्धा जास्तच आहे.

पाटचारी (स्थापत्य) :
बागेबद्दल मनापासून वाईट वाटते. पण नियम तसा नाही, आणि हा गैरसमज टिपण्यांमध्येही शिरतो म्हणून लिहितो. या पाणीवाटपाचे नियम सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या तक्त्यात जायकवाडीच्या साठ्याची टक्केवारी एका बाजूला आहे, आणि तसा साठा असताना वरचा प्रत्येक समूह किती टक्क्यांपर्यंत भरलेला ठेवता येतो ते दुसऱ्या बाजूला आहे. त्या मर्यादेच्या वर जे असेल तेवढे सोडायचे. वरची धरणेही रिकामी असतील, तर जायकवाडी ६५ वर नेण्याइतके पाणी येणारच नाही. नियम तुटीचा भार वाटून घेण्याचा आहे, खालचे धरण भरून देण्याचा नाही.

दुसरी चूक याहून घातक असते. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि एकूण साठा २९०९ दलघमी आहे. ६५ टक्के मोजायचे ते उपयुक्त साठ्याचे, म्हणजे साधारण १४११ दलघमी. आता समजा, १५ ऑक्टोबरला उपयुक्त पाणी १०२० दलघमी आहे. उपयुक्त साठ्याशी भागले तर ४७ टक्के येतात. त्याच पाण्यात ७३८ दलघमी मृतसाठा मिळवून एकूण क्षमतेशी भागले, तर ६० टक्के येतात. धरण तेच, दिवस तोच, पाणीही तेवढेच. परंतु एका टिपणीत टंचाई दिसते आणि दुसरीत 'जवळजवळ भरलेच आहे' असे दिसते. वर एका परिच्छेदात टीएमसी आणि पुढच्यात दलघमी लिहिले असेल, तर वाचणाऱ्याला ही फारकत सापडतही नाही. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, हे डोक्यात ठेवून सही करणारे फार थोडे असतात. पान तपासायचे असेल तर मी आधी टक्क्यांचा छेद शोधतो. छेद लिहिलेला नसेल, तर ती टिपणी परत पाठवावी.

प्रवराकाठ :
तुम्ही सगळे मोजमापात रमला आहात. प्रवरेवरच्या निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी आमच्या भागाने सुमारे पाच दशके वाट पाहिली. २६ ऑक्टोबर २०२३ ला डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले आणि अवघ्या चार दिवसांनी त्याच समूहातून पाणी सोडण्याचा आदेश निघाला. तुमच्या पानावर या पाच दशकांसाठी कोणता रकाना आहे? दलघमीत ते कसे लिहिणार? मोसंबीवाल्यांची बाग मला कळते, पण आमच्याकडेही माणसेच राहतात, आणि ती सावकाराकडे गेली आहेत.

पैठणचा मोसंबीवाला :
आमच्या वाट्याचे पाणी अडवून ठेवायचे आणि वर सावकाराची गोष्ट सांगायची, हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. तुमच्याकडचा ऊस सावकाराच्या पैशावर उभा आहे का?

निवृत्त कार्यासन :
दोघांनाही विनंती आहे की वैयक्तिक पातळीवर उतरू नये. प्रवराकाठ यांच्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. टिपणीत प्रत्येक पर्यायापुढे 'बाधित कोण' ही ओळ असलीच पाहिजे, आणि तिथे 'लाभक्षेत्रातील शेतकरी' असे मोघम लिहून चालत नाही. 'प्रवरा समूहातून ठरलेले पाणी सोडल्यास रब्बीचे एक आवर्तन कमी होईल, आणि नव्या कालव्याच्या लाभधारकांना पहिल्याच वर्षी आवर्तन मिळणार नाही', असे लिहावे लागते. पाच दशके एका ओळीत मावत नाहीत, हे मान्य आहे. पण ती ओळ नसेल, तर नस्तीतल्या शंभर पानांतही कोणी ती शोधणार नाही.

गोदाकाठची सरपंच :
मी कोपरगावच्या खालच्या बाजूच्या एका गावातली. या चर्चेत आम्ही कुठेच नाही, म्हणून लिहिते. पाणी सुटले की नदीकाठचे उपसे बंद व्हावेत म्हणून काठावरच्या रोहित्रांची वीज तोडतात आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. आमची पिण्याच्या पाण्याची विहीर नदीकाठीच आहे आणि तिची मोटार त्याच रोहित्रावर चालते. नदी डोळ्यांसमोर दुथडी वाहत असते आणि गावात नळाला पाणी नसते. तक्रार केली की वीजवाले पाटबंधाऱ्याकडे बोट दाखवतात, आणि पाटबंधारेवाले महसूलकडे. विसर्ग संपल्यावर फळ्या पुन्हा बसवायला कोणी फिरकत नाही, त्यामुळे मागे राहिलेले पाणीही बंधाऱ्यात थांबत नाही. ही गोष्ट त्या पानावर कोण लिहिणार?

पाटचारी (स्थापत्य) :
हा मुद्दा मुख्य विषयापेक्षा मोठा आहे, असे आता वाटू लागले आहे. वहनव्यय, म्हणजे वाटेत होणारी पाण्याची घट, कमी करण्यासाठी उपसा थांबवणे आवश्यकच आहे. पंप चालू राहिले, तर आदेशातले पाणी वाटेतच संपते आणि मग पैठणवाले म्हणतात की सोडलेच नाही. परंतु पाणीपुरवठ्याच्या जोडण्या शेतीपंपांच्या रोहित्रांवरून वेगळ्या काढण्याचे काम विसर्गाच्या आधी करायचे असते, आदल्या रात्री नव्हे. म्हणून वेळापत्रकाच्या पर्यायात ते यायला हवे : आदेश निघाल्यावर किती दिवसांत जोडण्या वेगळ्या होतील, फळ्या कोण काढेल, आणि विसर्ग संपल्यावर त्या बसवण्याची जबाबदारी कोणत्या उपविभागाची असेल.

पैठणचा मोसंबीवाला :
म्हणजे आता नळाच्या नावाखाली पंप चालू ठेवायचे, असेच ना? काठाने रात्री किती मोटारी चालतात ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गोदाकाठची सरपंच :
आमच्या विहिरीच्या मोटारीला मीटर आहे, दादा. रात्री येऊन वाचून जा. चोर कोण आहे ते ठरवण्याआधी आमच्या बायकांना हंडे घेऊन कुठे जावे लागते तेही पाहा.

पैठणचा मोसंबीवाला :
पिण्याच्या पाण्याला माझा विरोध नाही आणि कधीच नव्हता. जोडणी वेगळी होणार असेल, तर हरकत नाही. शेतीपंपांबद्दलचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

पाटचारी (स्थापत्य) :
वहनव्ययावरून वाटणीचा अवघड प्रश्नही येतो. मुळेचे पाणी प्रवरेत आणि प्रवरेचे प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते, आणि तिथे जायकवाडीचा फुगवटा लागलेलाच असतो. म्हणून हा रस्ता जवळचा आहे. दारणा-गंगापूरचे पाणी नांदूरमधमेश्वरवरून कोपरगावमार्गे लांबचा प्रवास करते. निव्वळ पाणी पोहोचवायचे असेल, तर मुळेतून जास्त सोडणे शहाणपणाचे आहे. परंतु मग तुटीचा भार एकट्या राहुरी-नेवाशाने का उचलावा? कमी नासाडी की समान वाटा, हा वरिष्ठांनी तोलण्याचा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या पाहण्यात तो पर्याय म्हणून कधीच मांडला गेलेला नाही.

निवृत्त कार्यासन :
सहमत आहे. पर्याय अ म्हणून तक्त्यानुसार सर्व समूहांतून, पर्याय ब म्हणून जवळच्या समूहांतून जास्त आणि दूरच्यांचा वाटा पुढील वर्षी वळता, अशी मांडणी करता येईल. ब कायद्यात बसतो का, यावर विधी विभागाचा अभिप्राय मात्र आधीच घ्यावा लागेल. शेवटी टिपणी लिहिणाऱ्याने आपली शिफारस स्पष्ट लिहावी, असेही माझे मत आहे.

प्रवराकाठ :
शिफारस मुळीच नको. खालून शिफारस आली की वरिष्ठ 'प्रस्तावाप्रमाणे' लिहून मोकळे होतात आणि जबाबदार कोणीच राहत नाही. पान एकच असावे, हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण ते पान आणि त्याची परिशिष्टे आदेश निघण्याच्या आठ दिवस आधी जाहीर व्हावीत. छेद कोणता धरला आणि बाधित कोण लिहिले, ते आम्हालाही तपासू द्यावे.

निवृत्त कार्यासन :
शिफारशीशिवाय आलेली टिपणी म्हणजे खालच्याने अंग काढून घेणे, असे मी मानतो आणि त्यावर ठाम आहे. परिशिष्टे जाहीर करण्याला माझा विरोध नाही. पण आठ दिवस म्हणजे पात्र आणखी आठ दिवस सुकणार. त्यापेक्षा १५ ऑक्टोबरच्या सायंकाळीच प्रत्येक समूहाचा साठा, छेदासकट, संकेतस्थळावर टाकता येईल.

गोदाकाठची सरपंच :
त्याच दिवशी काठावरच्या गावांची नावेही टाका, म्हणजे जोडणी वेगळी करून घेण्याचा अर्ज आम्हाला वेळेवर देता येईल.