माणसं वाढली म्हणजे व्हीपीएन तेवढंच वाढवायचं का?

उद्यमबागचा आयटीवाला: आमच्याकडे लॅपटॉपवाले १२० आहेत, वर्षभरात २०० होणार. लायसन्स १०० कॉंकरंट, लाईन १०० एमबीपीएस लीज्ड. सोमवारी सकाळी ८० जण आत असतात आणि मीटिंगा तुटतात. सगळं ट्रॅफिक टनेलमधूनच जातं. हिशोब सरळ आहे: २०० लायसन्स, २०० ची लाईन, मोठा फायरवॉल. उगाच डोकं खपवण्यात अर्थ नाही.

टिळकवाडीकर: हे वाचून राहवलं नाही. मालकाचे पैसे असे उधळायचे नसतात. ८० म्हणजे १२० चे दोन तृतीयांश. त्याच प्रमाणात २०० मागे १३४ होतात, जपून १६० घ्या. मात्र हा ८० चा आकडा एखाद्या दिवशी नुसता बघून घेतलेला नसावा. महिनाभर दर ५ मिनिटांनी सेशन मोजा, पगाराचा आठवडाही त्यात येऊ द्या.

मीटिंगा तुटतात त्याचा लायसन्सशी संबंधच नाही. लायसन्स संपलं की नवा माणूस बाहेर राहतो, आतल्यांना काही होत नाही. तुमचे आतलेच रडतायत, म्हणजे लाईन किंवा फायरवॉलचा बॉक्स भरतोय. घरी बसलेल्या माणसाला समोरच्यांचा व्हिडिओ २ एमबीपीएस येतो आणि त्याचा स्वतःचा १.५ जातो असं धरा. सगळं ऑफिसवरून फिरवलं की ते २ आधी तुमच्या लाईनवर येतात, मग टनेलमधून बाहेर जातात. त्याचे १.५ सुद्धा तसेच आत येऊन बाहेर जातात. एका माणसामागे दोन्ही दिशांना प्रत्येकी ३.५ झाले. ३० जण मीटिंगला बसले की १०५, तुमची १०० ची लाईन तिथंच संपली. ईआरपीला माणशी ०.३ धरलं तरी १३४ जणांचे ४० होतात. आता सांगा, लाईन कोण खातंय?

निपाणीवाला: मग स्प्लिट टनेल करा, मीटिंग थेट घरच्या नेटवरून जाऊ दे, विषय संपला. आणि फायरवॉलच्या डेटाशीटवर १ जीबीपीएस लिहिलेलं असतं, त्याची काळजी कशाला?

टिळकवाडीकर: स्प्लिटचं बरोबर आहे. डेटाशीटचं नाही. तो आकडा बहुतेक वेळा मोठ्या पॅकेटवर मोजलेला असतो. आवाजाची पॅकेटं बारीक असतात, तेवढ्याच एमबीपीएसला सीपीयूला कितीतरी जास्त उचलावी लागतात. लाईनचा ग्राफ ६० वरच सपाट झाला आणि सीपीयू ९५ ला टेकला, तर बॉक्स अपुरा आहे. ग्राफ १०० ला टेकला तर लाईन अपुरी.

उद्यमबागचा आयटीवाला: स्प्लिट चालणार नाही ओ. आमच्या मोठ्या गिऱ्हाईकाच्या ऑडिटमध्ये अख्खं ट्रॅफिक आमच्या फायरवॉलमधून गेलं पाहिजे असं लिहिलंय. तुम्ही येऊन सही करणार काय?

जांबोटीची: तुम्ही लाईनवर भांडा, माझं वेगळंच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, राउटर बंद पडतो, मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर येते. मग 'लायसन्स उपलब्ध नाही' येतं. आमचे आयटीवाले म्हणतात आत ६० च माणसं आहेत, तुमच्याच नेटमध्ये खोट आहे. आणि एचआर गैरहजेरी लावतं! पाऊस काय मी पाडते?

निपाणीवाला: ताई, खानापूर तालुक्यात नेटच नाही म्हणा की. ऑफिसला या.

जांबोटीची: पावसात जांबोटीहून बेळगावला रोज ये-जा करून बघा, मग बोला.

टिळकवाडीकर: निपाणीवाले, खोट त्यांच्या नेटमध्ये नाही, गेटवेवर आहे. राउटर बंद पडला तेव्हा लॅपटॉपला निरोप घेता आला नाही. गेटवेच्या लेखी त्यांचं जुनं सेशन जिवंतच आहे, ते लायसन्स आणि पूलमधला आयपी दोन्ही अडवून बसतं. हॉटस्पॉटवरून आल्या की दुसरं सेशन लागतं. सेशनची यादी काढा. एकाच नावाच्या दोन ओळी, बाहेरचे आयपी वेगळे आणि एका ओळीवरचे बाइट वाढतच नाहीत, ती ओळ मेलेली. यादीत ६० माणसं आणि १०० सेशन सापडली तर आश्चर्य नाही. डेड पीअर डिटेक्शन चालू करा, म्हणजे मेलेलं सेशन एक-दोन मिनिटांत निघतं. एका युजरला एकच सेशन ठेवा, पण नवं आलं की जुनं तोडायचं अशी सेटिंग हवी. उलटी असेल तर ताईंसारखी माणसं बाहेरच राहतील.

उद्यमबागचा आयटीवाला: एकच सेशन ठेवलं तर आमचे सेल्सवाले बोंबलतील, ते फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडतात.

टिळकवाडीकर: मग त्यांचा वेगळा ग्रुप करा, मर्यादा दोनची. आणि मघाच्या हिशोबात ते माणशी दोन धरा.

उद्यमबागचा आयटीवाला: बरं, यादी काढली. ८० मधली १४ ओळी मेलेल्या निघाल्या, एवढं मान्य. लायसन्सचं कोटेशन थांबवतो. लाईन मात्र २०० चीच मागणार, ऑडिट सुटेपर्यंत दुसरा इलाज नाही.

टिळकवाडीकर: ६६ खरी म्हटल्यावर २०० मागे ११० आली, वर सेल्सवाल्यांची जादा धरा. पण मीटिंगवाले त्याच प्रमाणात वाढून ५० झाले तर त्यांनाच १७५ लागतील, त्यावर ईआरपीचे ३३ वेगळे. तुमची २०० ची लाईन त्याच दिवशी भरेल. गिऱ्हाईकाला विचारा, फक्त मीटिंगचे ठराविक पत्ते बाहेरून सोडले तर चालतं का.

उद्यमबागचा आयटीवाला: विचारतो. नाही म्हणाले तर ३०० चं कोटेशन तुमच्या नावानं घालतो.

जांबोटीची: ती डेड पीअरची सेटिंग मी आमच्या आयटीला कशी सांगू? माझं ऐकत नाहीत.

टिळकवाडीकर: पुढच्या वेळी लाईट गेली की वेळ लिहून ठेवा, आणि त्या वेळची तुमच्या नावाची सेशन यादी लेखी मागा.