मदत हवी आहे: परमँगनेट-ऑक्झॅलिकचा एस आकाराचा आलेख दुसऱ्या वेळी निम्मा गायब होतो

मिरजकर_टीवाय

नमस्कार मंडळी. सांगलीत टी.वाय.ला आहे, केमिस्ट्री. प्रोजेक्टला ऑटोकॅटॅलिसिस घेतलंय. 10 मिली 0.1 मोलर ऑक्झॅलिक ॲसिड, 5 मिली 1 मोलर सल्फ्युरिक, 9 मिली डिस्टिल्ड पाणी आणि सगळ्यात शेवटी 1 मिली 0.01 मोलर पोटॅशियम परमँगनेट. कोनिकलमध्ये हलवायचं, लगेच कलरिमीटरच्या नळीत ओतायचं, हिरवा फिल्टर, दर मिनिटाला रीडिंग. तापवलेलं नाही, खोलीच्या तापमानालाच.

पहिली बॅच (मिनिट, मग ॲब्सॉर्बन्स):

0: 0.94, 1: 0.93, 2: 0.90, 3: 0.82, 4: 0.65, 5: 0.39, 6: 0.19, 7: 0.10, 8: 0.06, 10: 0.03

आधी आडवा, मग घसरगुंडी, मग परत आडवा. परमँगनेट किती संपलं ते काढलं की छान एस येतो. खूश होऊन लगेच दुसरी बॅच लावली, तीच मापं:

0: 0.94, 1: 0.86, 2: 0.67, 3: 0.40, 4: 0.18, 5: 0.08, 6: 0.05

सुरुवातीचा आडवा भाग गेला कुठे? मॅडम म्हणतात दोन्ही बॅच जुळल्याशिवाय फाईलवर सही नाही. सोमवारपर्यंत सांगा कुणीतरी.

बुरेटवाली

अरे, हे टायट्रेशनमध्ये रोज दिसतं की. पहिला थेंब टाकला की गुलाबी रंग हलायचं नाव घेत नाही, आणि एकदा गेला की पुढचे थेंब पडता पडता विरतात. म्हणून तर आपण फ्लास्क 60-70 अंशांपर्यंत तापवून घेतो. तुझ्या दुसऱ्या बॅचला द्रावण गरम झालं असणार. ही रिॲक्शन उष्णता सोडते, त्या उष्णतेनं वेग वाढतो, वेगानं आणखी उष्णता. तुझा एस त्यातूनच येतोय. वॉटर बाथमध्ये कर, दोन्ही जुळतील.

घाणेवाला_कराड

विषय बघून आलो. आमचा लाकडी घाण्याचा व्यवसाय आहे. शेंगदाणा तेल कितीतरी आठवडे चांगलं राहतं, वास नाही काही नाही, आणि मग एकदम काही दिवसांतच खवट होतं. गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही भेसळ केली. हे तुमच्या आलेखासारखंच आहे का? यावर काही टाकता येतं का तेलात?

जुना_प्रात्यक्षिकवाला

मिरजकर, तुझी रीडिंग चांगली आहेत. आधी एक काम कर. दुसऱ्या बॅचची 2, 3, 4 मिनिटांची रीडिंग बघ: 0.67, 0.40, 0.18. आता पहिल्या बॅचची 4, 5, 6 मिनिटांची: 0.65, 0.39, 0.19. म्हणजे तोच आलेख दोन मिनिटं अलीकडे सरकलाय. उतार तेवढाच आहे.

बुरेटवालीताईंचं टायट्रेशनचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, कारण मात्र वेगळं. तापमान वाढलं असतं तर घसरगुंडीच जास्त उभी झाली असती, म्हणजे 0.67 वरून 0.18 वर यायला दोन मिनिटंही लागली नसती. आणि इथे परमँगनेट आहे लिटरला 0.0004 मोल. तेवढ्याची सगळी उष्णता द्रावणात राहिली तरी तापमान अंशाचा दहावा भागही चढणार नाही. टायट्रेशनला तापवतो ते सुरुवातीचा संथपणा लवकर सरावा म्हणून.

वेग वाढवतात ते तयार होणारे मँगनस आयन. परमँगनेट संपतं तसे ते वाढतात, म्हणून वेग दोघांवर अवलंबून: शिल्लक परमँगनेट गुणिले तयार मँगनस. सुरुवातीला मँगनस नाही म्हणून संथ, शेवटी परमँगनेट नाही म्हणून संथ. गुणाकार सगळ्यात मोठा होतो दोन्ही निम्मे निम्मे असताना, म्हणजे साधारण 0.47 ला. तुझी सर्वात मोठी घट 4 ते 5 मिनिटांच्या मधली, 0.65 वरून 0.39. बरोबर तिथेच बसते.

आता पहिल्या बॅचसाठी हे काढ:

```
y = ln((0.94 - A) / A)
```

2 मिनिटांना −3.1, 3 ला −1.9, 4 ला −0.8, 5 ला 0.3, 6 ला 1.4. सरळ रेष, उतार मिनिटाला सुमारे 1.1. ती रेष मागे शून्य मिनिटापर्यंत वाढव, −5.2 च्या आसपास येते. e चा −5.2 वा घात म्हणजे 0.0055. याचा अर्थ तुझी पहिली बॅच अशी वागली की जणू सुरुवातीलाच अर्धा टक्का मँगनस तयार होता. तो खरोखर होता असं नाही. मँगनसशिवायही ही रिॲक्शन अगदी मंद गतीने चालतेच, तिचा वाटा या आकड्यात मिसळलेला असतो.

आणि आता दुसरी बॅच. दोन मिनिटं अलीकडे म्हणजे सुरुवातीचं बी e चा 2.2 वा घात इतक्या पट, म्हणजे नऊ पट. अर्ध्या टक्क्याचं झालं पाच टक्के. जादाचे साडेचार टक्के कुठून आले? संपलेल्या द्रावणात मँगनस शंभर टक्के असतं. तेव्हा 25 मिलीत साधारण 1 मिली जुनं द्रावण शिल्लक राहिलं की हिशोब जुळतो. मला जास्त संशय नळीचा आहे. तुझ्या नळीत 6 मिली मावत असेल तर तळाला पाव मिली राहिलं तरी पुरे. कशी धुतलीस?

मिरजकर_टीवाय

सर, नळी उलटी करून झटकली आणि टिश्यूनं बाहेरून पुसली. रंग तर पूर्ण गेला होता, पाण्यासारखं दिसत होतं म्हणून…

जुना_प्रात्यक्षिकवाला

तेच. मँगनसला इतक्या कमी प्रमाणात डोळ्यांना दिसेल असा रंगच नसतो. दिसायला पाणी, पण पुढच्या बॅचसाठी विरजण.

संशय खरा की खोटा हे तपासायला मँगनस सल्फेटची बाटली मागत बसू नकोस. संपलेलं द्रावणच बाजूला ठेव. सगळं तीन वेळा डिस्टिल्डनं धू, मग एका बॅचमध्ये 0.5 मिली आणि एका बॅचमध्ये 1.25 मिली संपलेलं द्रावण मुद्दाम घाल, तेवढं पाणी कमी कर. 0.5 म्हणजे दोन टक्के वर. माझ्या गणिताने निम्मं व्हायची वेळ 4.7 वरून 3.3 मिनिटांवर यायला हवी. 1.25 ला 2.6 वर. लक्षात घे, बी दुप्पट केलं की वेळ निम्मी होत नाही, आलेख फक्त सुमारे 0.6 मिनिटं अलीकडे येतो. थोडंसं बी खूप बदल करतं, त्यानंतरचं बी कमी कमी.

कराडकर, तुमचं अगदीच वेगळं नाही. तेल हवेतल्या ऑक्सिजननं खराब होताना आधी हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, ते फुटले की त्यांच्यातून पुढची साखळी पेटते, म्हणून आधी बरेच दिवस शांत आणि मग झपाट्यानं. पण तिथं तेच पेरॉक्साइड पुढे मोडतही जातात, तेव्हा त्यांचं मोजमाप वर जाऊन परत खाली येतं. एस दिसेलच असं नाही. खवट तेलाच्या डब्यात नवं तेल ओतू नका, डबा गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. टाकायचं काय, ते अन्न तपासणीवाल्यांना विचारा, तिथं नियम आहेत.

घाणेवाला_कराड

डबा तर आम्ही नुसता निथळून परत भरतो. ही गोष्ट आजवर कुणी सांगितली नव्हती. आभारी आहे साहेब.

कृष्णाकाठ

मिरजकर, डिस्टिल्ड म्हणतोस ते खरंच डिस्टिल्ड आहे का? आमच्याकडे डिस्टिलेशन प्लांट बंद असला की आरओचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतात आणि लेबल तेच. परमँगनेटचं द्रावणही किती जुनं आहे? पाण्यात सेंद्रिय घाण असली की परमँगनेट हळूहळू खर्ची पडतं आणि बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ बसतो. तुझा अर्धा टक्का कदाचित तिथूनच आला असेल. आणि हो, हे द्रावण फिल्टर पेपरातून गाळू नका, कागदच त्याला खातो. काचेची लोकर वापरा.

बुरेटवाली

उष्णतेचं मान्य. दहावा भागही नाही हे मी कधी मोजूनच पाहिलं नव्हतं. पण एक विचारते. शेवटच्या रीडिंगमध्ये 7 ला 0.10, 8 ला 0.06. तुमच्या सूत्रानं तिथं किती यायला हवं?

जुना_प्रात्यक्षिकवाला

ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. 7 ला 0.07 आणि 8 ला 0.02 यायला हवं. शेपूट जाड आहे. परमँगनेट आणि मँगनस एकमेकांशी भिडले की मधल्या अवस्थेचं मँगनीज तीन तयार होतं. ते ऑक्झॅलेटशी बांधलं जातं आणि पिवळसर-तपकिरी दिसतं. ते हिरव्या फिल्टरलाही थोडं शोषतं. म्हणून ही रिॲक्शन सूत्राइतकी सरळ नाही आणि आलेख दोन्ही बाजूंना सारखा येत नाही. पण नळीच्या आतल्या बाजूला मँगनीज डायऑक्साइडचा पातळ थर बसला तरी असंच होतं. तो थर आम्लयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडनं निघतो. नंतर भरपूर डिस्टिल्डनं धुवावं लागतं.

मिरजकर_टीवाय

आज केलं. सगळं तीनदा धुतलं. बी न घालता निम्मं व्हायची वेळ 4.6 मिनिटं आली. 0.5 मिली घातल्यावर 3.4. 1.25 मिलीला 2.7. मॅडमनं आलेख पाहिला आणि एकावर एक ठेवून खिडकीत धरला. तिन्हींचा उतार सारखाच. जुळत नाहीत तरी सही देते, म्हणाल्या, पण फाईलमध्ये हेच लिही.

शेपटीचं काय करू? आमच्या कलरिमीटरला निळा फिल्टर आहे. त्यावर मोजलं तर मँगनीज तीन वेगळं दिसेल का?

जुना_प्रात्यक्षिकवाला

निळ्यावर परमँगनेट कमी शोषतं, त्यामुळे मधला काळ जास्त उठून दिसायला हवा. कुबडासारखं काही वर आलं तर समज काहीतरी मधलं साठतंय. नुसतीच घसरण दिसली तर नळीवरच संशय घे. दोन्ही फिल्टर एकाच बॅचवर आलटून पालटून लावायला जाऊ नकोस, रीडिंग चुकतात. वेगळ्या बॅचेस कर आणि इथं आकडे टाक.

कृष्णाकाठ

आणि पाण्याचं? ते तू सांगितलंच नाहीस.

मिरजकर_टीवाय

प्लांट सुरू आहे, पण कॅन किती दिवसांचा हे लॅबच्या काकांनाच विचारावं लागेल. ते बुधवारी येतात.