दोन निफ्टी फंड, दोन फॅक्टशीट: ट्रॅकिंग एरर कमी म्हणजे फंड चांगला का?

नीरजा_एम
बाबांनी तीन वर्षांपूर्वी बँकेतून निफ्टी 50 च्या एका इंडेक्स फंडात एकरकमी 5 लाख टाकले, रेग्युलर म्हणजे बँकेचं कमिशन धरलेल्या प्लॅनमध्ये. मी आता दुसऱ्या कंपनीच्या निफ्टी 50 फंडाचा बिनकमिशनचा डायरेक्ट प्लॅन बघतेय. दोन्ही फॅक्टशीट समोर आहेत. बाबांच्या फंडाचा एक्स्पेन्स रेशो 0.85, ट्रॅकिंग एरर 0.03, टर्नओव्हर 0.08. मी बघतेय त्याचा 0.20, 0.09 आणि टर्नओव्हर 14. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "तुमचा फंड इंडेक्सला जास्त घट्ट धरून चालतो, उलाढालही नगण्य आहे, हलू नका." हे बरोबर आहे का?

वामन_डोंबिवली
अजिबात नाही. निफ्टीचा फंड म्हणजे तेच 50 शेअर, तेच वजन. फंड मॅनेजरला अक्कल चालवायची मुभाच नाही. मग फरक उरतो तो फक्त खर्चाचा. 0.85 की 0.20, एवढं बघा आणि फॅक्टशीट मिटून ठेवा. बाकीचे आकडे जागा भरायला छापतात.

सदानंद_काका
वामनराव, निष्कर्ष जवळपास बरोबर, कारण मात्र अपुरं. मी फंड अकाउंटिंगमध्ये बावीस वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नीरजाताई, ट्रॅकिंग एरर हा आकडा फंड इंडेक्सच्या किती मागे आहे हे सांगतच नाही. फंडाचा रोजचा परतावा आणि इंडेक्सचा रोजचा परतावा यांतला फरक घ्यायचा आणि तो फरक दिवसागणिक किती हेलकावतो ते मोजायचं, एवढंच त्यात असतं. 0.85 टक्के खर्च एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या किमतीतून, वर्षाकाठी एकदा कापत नाहीत, रोज चिमूटभर कापतात. रोज सारखाच कापला की हेलकावा शून्य. म्हणजे फंड वर्षभर न चुकता मागे पडत गेला, तरी ट्रॅकिंग एरर जवळपास काहीच दिसणार नाही.

खात्री करायची असेल तर एकाच फंडाचा रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅन शेजारी ठेवून बघा. आत शेअर तेच, ट्रॅकिंग एररही बहुतेक वेळा तोच. पण कमिशनचा फरक दरवर्षी एकाच्या खिशातून जातो, दुसऱ्याच्या जात नाही. जो आकडा एवढी मोठी गोष्ट टिपत नाही, त्याच्यावर फंड निवडायचा कसा?

आता 0.09 कुठून येतो तेही बघा. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी एका दिवसात जवळजवळ 6 टक्के पडला. समजा एखाद्या फंडात त्या दिवशी 1 टक्का रोकड पडून होती. तो फंड इंडेक्सपेक्षा साधारण 0.06 टक्के कमी पडला, म्हणजे गुंतवणूकदाराचा किंचित फायदाच झाला. पण बाकी सगळे दिवस काटेकोर गेले असते तरी त्या एका दिवसापायी वर्षभर त्याचा ट्रॅकिंग एरर 0.06 च्या आसपास दिसला असता, कारण हा आकडा मागच्या एक वर्षाच्या रोजच्या नोंदींवरून काढतात. पुढच्या जूनमध्ये तो दिवस हिशेबातून बाहेर पडला की आकडा आपोआप खाली. फंडाने मधे काहीच सुधारलेलं नसतं.

तुम्हाला हवा आहे तो आकडा वेगळा, ट्रॅकिंग डिफरन्स. सेबीने 2022 च्या परिपत्रकाने तो कंपनीच्या आणि अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर दर महिन्याला द्यायला लावला आहे. फॅक्टशीटवरून तो काढायचा असेल तर परताव्याच्या तक्त्यात 3 वर्षांची ओळ शोधा आणि इंडेक्सच्या परताव्यातून फंडाचा परतावा वजा करा. दोन्ही फॅक्टशीट एकाच महिन्याच्या घ्या.

नीरजा_एम
काका, केलं. बाबांचा फंड 13.02, इंडेक्स 13.10. फरक फक्त 0.08! खर्च 0.85 असताना हे कसं? बँकवाले बरोबर होते की काय?

सदानंद_काका
13.10 कुठल्या रकान्यातून घेतलात? त्या तक्त्यात दोन इंडेक्स असतात. एक फंडाचा स्वतःचा आणि शेजारी एक जादा, निफ्टीच्या फंडाला बहुधा सेन्सेक्स. तुमचा आकडा सेन्सेक्सचा असावा. "Nifty 50 TRI" असं लिहिलेला रकाना घ्या. टीआरआय म्हणजे लाभांश पुन्हा गुंतवला असं धरून काढलेला इंडेक्स, आपल्याला तोच हवा. शिवाय डायरेक्टचा परतावा पुष्कळदा मागच्या पानांवर स्वतंत्र दिलेला असतो. पुढच्या पानावर रेग्युलरचा असतो, तो चुकून घेऊ नका.

नीरजा_एम
हो, सेन्सेक्सच होता. निफ्टी टीआरआय 13.94. म्हणजे बाबांचा फंड दरवर्षी 0.92 ने मागे. मी बघतेय त्याचा डायरेक्टचा परतावा 13.65, तो 0.29 ने मागे. ट्रॅकिंग एरर तिप्पट, आणि मागे मात्र एक तृतीयांशच. 5 लाखांवर हिशेब केला: बाबांचे 7.22 लाख झाले, दुसरीकडे 7.34 झाले असते. बारा हजार रुपये.

फ्रिमाँटकर
ताई, टर्नओव्हरकडे दुर्लक्ष करू नका. 0.08 आणि 14 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इकडे कॅलिफोर्नियात माझ्याकडे जास्त उलाढालीचा एक फंड होता. मी एक युनिट विकलं नाही, तरी डिसेंबरमध्ये फंडाने नफा वाटला आणि मला त्यावर कर भरावा लागला. उलाढाल जास्त म्हणजे कर जास्त, हे मी अनुभवाने सांगतोय.

सदानंद_काका
तुमचा अनुभव अगदी खरा आहे, पण तो तिकडचा. अमेरिकेत फंडाला झालेला नफा युनिटधारकांना वाटावा लागतो आणि कर त्यांच्या माथी येतो. भारतात नोंदणीकृत म्युच्युअल फंडाचं उत्पन्न करमुक्त असतं आणि नफा वाटून न देणाऱ्या ग्रोथ पर्यायात आपण युनिट विकेपर्यंत आपल्यालाही कर नाही. त्यामुळे फंडाने आत किती खरेदी-विक्री केली याचा आपल्या कराशी संबंध येत नाही. तिकडचे लेख वाचून इथले बरेच जण याच बाबतीत घाबरतात.

आणि 0.08 विरुद्ध 14 ही तुलनाच फसवी आहे. एक कंपनी "पट" छापते, दुसरी "टक्के". 0.08 पट म्हणजे 8 टक्के. म्हणजे सामना 8 विरुद्ध 14 चा. निफ्टी वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरअखेर, बदलतो. त्यापायी थोडी खरेदी-विक्री होते, उरलेली लोकांच्या पैशाच्या येण्या-जाण्यामुळे. 14 टक्के उलाढालीचा खर्च किती? शेअर घेताना 0.1 आणि विकताना 0.1 टक्के एसटीटी हा व्यवहारावरचा कर, म्हणजे एकूण निधीवर 0.03 टक्क्यांहून कमी. त्यावर थोडी दलाली. हा खर्च एक्स्पेन्स रेशोत दिसत नाही हे खरं, पण एनएव्हीतून गेलेलाच असतो. तुमच्या 0.29 मध्ये तो आलेला आहे, तो वेगळा मोजायचा नाही.

शैला_सातारा
माझ्या फ्लेक्सी कॅप फंडाच्या फॅक्टशीटमध्ये ट्रॅकिंग एरर दिलेलाच नाही. काही लपवलंय का? आणि त्याचा टर्नओव्हर 62 टक्के आहे.

सदानंद_काका
शैलाताई, लपवलेलं नाही. तुमच्या फंडाने इंडेक्सपेक्षा वेगळं वागायचं हेच त्याचं काम, त्यामुळे तो आकडा तिथे अपेक्षित नाही. 62 टक्के म्हणजे ढोबळमानाने निम्म्याहून जास्त शेअर वर्षात बदलले. त्यात वाईटच काही असेल असं नाही. मात्र पुढच्या पानावर मॅनेजर "दीर्घ मुदतीची गुंतवणूक" म्हणत असेल आणि हा आकडा वर्षानुवर्षं एवढा असेल, तर दोन्ही गोष्टी जुळत नाहीत. मागच्या दोन-तीन वर्षांच्या फॅक्टशीट काढून तो चढलाय की तसाच आहे ते बघा. सविस्तर बोलायला नवीन धागा काढा, इथे नीरजाताईंचा विषय भरकटेल.

वामन_डोंबिवली
काका, शेवटी कमी खर्चाचाच फंड पुढे निघाला ना? मग मी वेगळं काय म्हणालो?

सदानंद_काका
या जोडीत निघाला, कारण खर्चातली दरी 0.65 ची आहे. दोन डायरेक्ट प्लॅनमध्ये 0.10 आणि 0.20 असा सामना असतो तेव्हा तुमचा नियम तोकडा पडतो. 0.10 वाला दरवर्षी 0.35 ने मागे आणि 0.20 वाला 0.27 ने, असं मी पाहिलं आहे. पहिल्याचा निधी लहान होता, रोजच्या येण्या-जाण्यासाठी रोकड जास्त ठेवावी लागत होती. लाभांशाचंही तसंच. इंडेक्स तो त्याच दिवशी पुन्हा गुंतवल्याचं धरतो, फंडाच्या हातात पैसे काही आठवड्यांनी पडतात.

वामन_डोंबिवली
किंवा त्या 0.10 वाल्याचा खर्च आधी 0.30 असेल आणि नुकताच कमी केला असेल. फॅक्टशीटवर महिनाअखेरचा एक्स्पेन्स रेशो असतो, परतावा मात्र तीन वर्षांचा. मग मागचा फरक बघून मी चांगला फंड सोडला, असं होईल की.

सदानंद_काका
हे मान्य, मुद्दा बिनतोड आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर एक्स्पेन्स रेशोच्या जुन्या नोंदी असतात, त्या आधी बघायला हव्यात. पण उलटही होतं: नवा फंड खर्च अगदी कमी ठेवून पैसा गोळा करतो आणि नंतर वाढवतो. मी मागच्या फरकाला जास्त वजन देतो, तुम्ही आजच्या खर्चाला. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

नीरजा_एम
माझ्यापुरता प्रश्न आता बाबांचे 7.22 लाख हलवायचे का, एवढाच. नफा 2.22 लाख आहे. सगळं एकदम विकलं तर करमुक्त सव्वा लाखाच्या वरच्या 97 हजारांवर साडेबारा टक्के, सेस धरून साडेबारा हजारांच्या आसपास कर.

सदानंद_काका
दोन आर्थिक वर्षांत विका. निम्मे युनिट 31 मार्चच्या आधी, निम्मे 1 एप्रिलनंतर. दोन्ही वेळा नफा 1.11 लाखांच्या आसपास येईल, मर्यादेच्या आत. बाबांना शेअर-फंडांचा दुसरा दीर्घ मुदतीचा नफा असेल तर तो याच मर्यादेत मोजला जातो, ते आधी विचारून घ्या. बाजार चढला तर नफाही वाढेल, म्हणून विकायच्या आदल्या दिवशी पुन्हा हिशेब करा. आणि त्याच फंडात रेग्युलरमधून डायरेक्टला गेलात तरी ती विक्रीच धरली जाते.

वामन_डोंबिवली
मी एकदम हलवायला सांगेन. खर्चातला फरक 7.22 लाखांवर वर्षाला साडेचार हजारांच्या वर जातो, म्हणजे कर तीन वर्षांत भरून निघतो. दोन टप्पे करायला गेलं की दुसरा टप्पा राहून जातो, माझ्या वडिलांचं तसंच झालं.

नीरजा_एम
बाबा म्हणतात, बँकेतल्या माणसाला वाईट वाटेल. त्यांना 13.02 आणि 13.94 हे दोन आकडे कागदावर लिहून दिलेत. रविवारी बोलू म्हणालेत.