फ्रेंच व्यावसायिक ईमेलचा शेवट इंग्रजीत आणताना किती ठेवायचं, किती सोडायचं?

प्राजक्ता
पुण्यात बसून एका फ्रेंच यंत्रसामग्री कंपनीची पत्रं आणि ईमेल इंग्रजीत करते. वाचणारे ब्रिटिश ग्राहक. शेवटी 'ज्य वू प्री दाग्रेए, मादाम, लेक्सप्रेसिओं द मे सांतिमां दिस्तँगे' आलं की गाडी अडते. शब्दशः केलं तर 'माझ्या विशेष आदरभावाच्या अभिव्यक्तीचा स्वीकार करावा' अशा थाटाचं इंग्रजी होतं आणि ग्राहकांना ते नाटकी वाटतं. सगळं काढून 'काइंड रिगार्ड्स' लिहिलं तर आमचे रिव्हायजर म्हणतात, मजकूर गाळलास. कोणाचं ऐकू?

मीरा के.
रिव्हायजरचं अजिबात ऐकू नका. त्या वाक्यात मजकूर नसतोच, ती नुसती रीत आहे. आपण 'कळावे, लोभ असावा' लिहितो तेव्हा समोरच्याने खरंच लोभ करावा अशी मागणी करतो का? कोणी ते इंग्रजीत 'प्रेम असू द्या' असं करेल का? कॉर्दियालमां असो, सालुतासिओं दिस्तँगे असो, नाही तर तुमचं हे लांबलचक वाक्य असो, सगळ्याला 'काइंड रिगार्ड्स' लावा आणि पुढे चला. मी हेच करते, आजवर एकाही ग्राहकाची तक्रार आलेली नाही.

सुहास
मीराताई, तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. शब्द टाकायचेच. पण सगळ्याला एकच शिक्का मारलात की फ्रेंच माणसाने त्या शेवटातून जे सांगितलं ते हरवतं. तो त्यातून भावना सांगत नाही, अंतर सांगतो.

प्राजक्ता, तुमच्याकडे येणाऱ्या पत्रव्यवहारासारखाच एक घ्या. ल्यॉंजवळच्या कंपनीतल्या हिशेब विभागातल्या बाई ब्रिटिश ग्राहकाला बिलाची आठवण करून देताहेत. पहिल्या ईमेलखाली 'ब्यँ कॉर्दियालमां' आणि फक्त पहिलं नाव. दुसऱ्याखाली नुसतं 'कॉर्दियालमां' आणि पूर्ण नाव. तिसऱ्यात सुरुवातीचं 'बोंजूर' जाऊन 'मादाम' येतं. चौथं ईमेल म्हणजे जोडपत्र, पैसे भरण्याची औपचारिक नोटीस, फ्रेंचमध्ये ज्याला मीज आँ दमर म्हणतात ती. तिचा शेवट असा: 'दां लातांत द व्होत्र रेग्लमां, ज्य वू प्री दाग्रेए, मादाम, मे सालुतासिओं दिस्तँगे.' बाईंनी आवाज कुठेच चढवलेला नाही, पण प्रत्येक पत्रात एक पाऊल मागे घेतलंय. हे चारही तुम्ही 'काइंड रिगार्ड्स'ने संपवलेत तर ब्रिटिश ग्राहकाला शेवटची नोटीसही पहिल्या आठवणीसारखीच वाचायला मिळेल. पैसे थकलेले असताना हे लहानसहान नुकसान नाही.

मी ते असं करेन. पहिलं 'काइंड रिगार्ड्स' आणि पहिलं नाव. दुसरं 'रिगार्ड्स' आणि पूर्ण नाव. ब्रिटिश वाचकाला नुसतं 'रिगार्ड्स' कोरडं लागतं आणि इथे तेच हवंय. तिसऱ्यात 'हॅलो' सोडून 'डिअर मिझ' आणि आडनाव, शेवटी पुन्हा 'रिगार्ड्स'. चौथ्यात त्या लांब वाक्याचे दोन तुकडे करायचे. पहिल्या स्वल्पविरामाच्या आधीच्या भागात काम आहे, पैशाची मागणी. तिचं स्वतंत्र इंग्रजी वाक्य झालंच पाहिजे: 'वुई लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युअर पेमेंट', आणि वर पत्रात मुदतीची तारीख असेल तर तीही त्याला जोडायची. नंतरचं सगळं शिष्टाचार आहे. तिथे 'यूअर्स सिन्सिअरली' पुरतं, कारण वर आडनावाने संबोधलंय. वर 'डिअर सर ऑर मॅडम' असतं तर ब्रिटिश रिवाजाने 'यूअर्स फेथफुली' लागलं असतं. ग्राहक अमेरिकन असेल तर ही फोड नको, नुसतं 'सिन्सिअरली' चालतं.

तेव्हा रिव्हायजरना सांगा की मजकूर गाळलेला नाही, त्याची जागा बदलली. मात्र 'दां लातांत' वाला तुकडा तुम्ही खरंच उडवला असेल, तर तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत.

रोहित_ग्रनोबल
छान चर्चा. मला पुढच्या वर्षी ग्रनोबलला मास्टर्ससाठी अर्ज करायचाय. अर्जासोबतच्या पत्राच्या, म्हणजे लेत्र द मोतिव्हासिओंच्या शेवटी मी 'कॉर्दियालमां' लिहू की 'यूअर्स सिन्सिअरली'चं फ्रेंच करू?

सुहास
रोहित, तुझा प्रवास उलट्या दिशेचा आहे. तिथे भाषांतर नको, फ्रेंचांचंच तयार वाक्य घे: 'ज्य वू प्री दाग्रेए, मादाम, मस्य, मे सालुतासिओं दिस्तँगे.' सुरुवातीला ज्या शब्दांत संबोधलंस तेच शब्द मध्ये पुन्हा येऊ देत. कॉर्दियालमां अर्जाला फार सैल पडेल.

अनघा, ल्यॉं
मी इथल्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. सुहासजींचं अंतराचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर फार इमारत रचू नका. इथले बहुतेक लोक हे शेवट निवडत नाहीत, ते आपोआप लागतात. कॉर्दियालमां बऱ्याच जणांच्या स्वाक्षरीच्या साच्यातच भरलेलं असतं. पत्रांचे जुने नमुने वर्षानुवर्षं कॉपी होतात. प्राजक्ताचं वाक्य निदान व्याकरणाच्या जाणकारांना पटेल असं आहे, कारण सांतिमांची अभिव्यक्ती होऊ शकते. पण 'लेक्सप्रेसिओं द मे सालुतासिओं' हे जाणकार चूक मानतात, नमस्कार करायचा असतो, व्यक्त करायचा नसतो. तरी माझ्या इनबॉक्समध्ये ते सर्रास येतं. ज्या वाक्यातली चूकही लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, त्यातून त्याचा हेतू काय काढणार?

आणखी एक. कित्येक ईमेलखाली दोन-दोन शेवट दिसतात. माणसाने हाताने 'ब्यँ आ वू' किंवा 'बॉन जूर्ने' लिहिलेलं असतं आणि त्याखाली साच्यातलं 'कॉर्दियालमां' पुन्हा उगवतं. अशा वेळी वरचं त्या माणसाचं आणि खालचं यंत्राचं. इंग्रजीत वरचंच आणा, खालचं सोडून द्या.

सुहास
अनघा, हा फार कामाचा मुद्दा. म्हणूनच मी एकट्या ईमेलवरून कधी निष्कर्ष काढत नाही. त्याच माणसाची मागची तीन-चार ईमेल मागवून घेतो. सगळ्यांखाली तेच असेल, नाव-हुद्दा-फोनच्या ठोकळ्याला चिकटून त्याच अक्षरवळणात, तर तो साचा. मग मीराताईंचं 'काइंड रिगार्ड्स' निर्धास्तपणे लावावं. पण तोच माणूस आधी एक लिहीत होता आणि आज दुसरं लिहितोय, तर काहीतरी घडलंय. बदल साच्यातून येत नाही.

मीरा के.
मागची ईमेल मागवायला वेळ कोण देतं? आम्हाला शब्दांवर पैसे मिळतात आणि संध्याकाळपर्यंत फाइल हवी असते. पण नोटिशीचं पटलं. नोटिशीखाली मीही 'काइंड रिगार्ड्स' लिहिणार नाही.

एक विचारते. कॉर्दियालमांला सरळ 'कॉर्डिअली' का नको? शब्द तर तोच आहे.

सुहास
दिसायला तोच. आजच्या ब्रिटिश ईमेलखाली 'कॉर्डिअली' क्वचितच दिसतं. कोणी लिहिलंच तर ते जुनाट किंवा जरा ताठ वाटतं, आणि फ्रेंचमध्ये कॉर्दियालमां रोजच्या वापरातलं आहे. तसंच 'ज्य रेस्त आ व्होत्र दिस्पोझिसिओं'चं. त्याचं 'आय रिमेन अ‍ॅट युअर डिस्पोझल' केलं की माणूस हात जोडून उभा असल्यासारखा भासतो. म्हणायचं एवढंच असतं की काही लागलं तर कळवा. 'प्लीज लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग एल्स' बस झालं.

श्रीरंग
मी जरा वेगळं बोलतो. मी पॅरिसच्या एका उंची चामडी वस्तूंच्या घराण्यासाठी ग्राहकांची पत्रं इंग्रजीत करायचो. त्यांना हा शिष्टाचार हवा असायचा. लंडनच्या ग्राहकाला पत्र आलं तर ते पॅरिसहून आलंय हे जाणवलं पाहिजे, असं ते सांगायचे. तुम्ही सगळे इंग्रजीला सपाट करताय. थोडी फुलं राहिली तर बिघडतं काय? फ्रेंच माणूस इंग्रज वाटायलाच हवा, हा आग्रह कशासाठी?

सुहास
श्रीरंगजी, ग्राहकाने मागितलं तर द्यावंच. पण ती अदब शेवटच्या ओळीत ठेवली की वाचणाऱ्याला भाषांतर दिसतं, पॅरिस दिसत नाही. मी ती एक ओळ वर नेईन. बॅगेच्या दुरुस्तीला उशीर झाला असेल तर 'थांबल्याबद्दल मनापासून आभार, ही बॅग आपल्याकडे पुन्हा अनेक वर्षं राहो' असं नेमकं, त्याच ग्राहकासाठी लिहिलेलं इंग्रजी वाक्य घालेन आणि शेवटी साधं 'विथ वॉर्म रिगार्ड्स'.

श्रीरंग
म्हणजे मूळ पत्रात नसलेलं वाक्य तुम्ही घालणार? मग प्राजक्ताचे रिव्हायजर तुम्हालाही धरतील. मला हे भाषांतराच्या हद्दीबाहेरचं वाटतं.

सुहास
विपणनाच्या कामात ग्राहकाची लेखी संमती घेऊन घालेन. हिशेबाच्या पत्रात कधीच नाही. हद्दीबद्दल आपलं जमणार नाही असं दिसतंय.

अ‍ॅड. वैशाली
न्यायालयीन कामातून लिहिते. लवादापुढे फ्रेंच पत्रव्यवहार पुरावा म्हणून येतो तेव्हा आम्हाला शब्दशः भाषांतर लागतं, शेवटासकट. तिथे 'यूअर्स सिन्सिअरली' लिहिणं म्हणजे दस्तऐवजात हात घालणं. वाचायला कितीही अवघड वाटलं तरी चालेल.

सुहास
वैशालीताई, तिथे तर शब्दशः जास्त घातक. 'सांतिमां देव्हुए' हा नेहमीचा शेवट आहे. त्याचं 'माझ्या समर्पित भावना' केलंत, तर इंग्रजी वकील विचारणार की या दोन कंपन्यांमध्ये एवढी जवळीक होती का. मी भाषांतरात रुळलेला शेवट देईन आणि तळटीपेत मूळ फ्रेंच वाक्य, ते नेहमीचं असल्याच्या उल्लेखासह.

अ‍ॅड. वैशाली
उलट हवं. वर शब्दशः आणि खाली टीप, की हा केवळ रिवाज आहे. काय रिवाज आणि काय आशय, हे लवादाने ठरवायचं, भाषांतरकाराने नाही. तुमच्या चौथ्या पत्राचंच घ्या. उद्या वाद झाला तर विरुद्ध पक्ष म्हणेल की मूळ फ्रेंच नोटीस इतकी अदबशीर होती, तुम्ही इंग्रजीत ती कडक केलीत.

अनघा, ल्यॉं
कडक केली नाही हो. 'सालुतासिओं दिस्तँगे' इथे कोणालाच प्रेमळ वाटत नाही. माझ्या टेबलावर थकबाकीचं पत्र त्या शेवटासह आलं तर मी आधी पैशांची व्यवस्था बघते.

प्राजक्ता
सगळ्यांचे आभार. कालची फाइल पुन्हा उघडली. त्यात 'दां लातांत द व्होत्र रेतूर सिन्ये' होतं, म्हणजे सही करून परत पाठवा. मी ते 'काइंड रिगार्ड्स'मध्ये गिळलं होतं. आता 'प्लीज साइन अँड रिटर्न द अटॅच्ड कॉपी' असं वेगळं वाक्य केलंय आणि शेवट 'यूअर्स सिन्सिअरली'. रिव्हायजरनी पहिला बदल मान्य केला. दुसऱ्यावर त्यांचा शेरा आहे की ईमेलखाली 'यूअर्स सिन्सिअरली' फार ताठ वाटतं, ते फक्त जोडपत्राखाली ठेव आणि ईमेलला 'रिगार्ड्स' लाव. यावर काय म्हणता?

मीरा के.
या वेळी मी रिव्हायजरच्या बाजूने.

सुहास
मजकूर ईमेलच्या अंगातच असेल तर मी 'यूअर्स सिन्सिअरली' ठेवेन. ईमेल फक्त जोडपत्र पोचवायला असेल तर ते म्हणतात तसं करा. तुमचं कोणतं आहे?