शिडीचे गणित मुलीला कसे समजवावे? अर्ध्या तासात होईल अशी पद्धत सुचवा

कोनाडा
नमस्कार. माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांच्या धड्यात घसरणाऱ्या शिडीपाशी अडकली आहे. गणित असे आहे: ६५० सेंमी लांबीची शिडी भिंतीला टेकवलेली आहे, तिचा पाय भिंतीपासून सेकंदाला १२ सेंमी या वेगाने दूर ओढला जात आहे, पाय भिंतीपासून २५० सेंमीवर असेल त्या क्षणी वरचे टोक किती वेगाने खाली येत असेल?

ती पायथागोरस लिहिते, लगेच x च्या जागी २५० भरते, मग डेरिव्हेटिव्ह काढते आणि तिचे उत्तर शून्य येते. म्हणजे पाय सरकत असताना टोक जागेवरच. हे चूक आहे हे तिला दिसते, पण का चुकले ते कळत नाही. मी स्वतः वाणिज्य शाखेची. माझ्याकडे उद्या संध्याकाळचा अर्धा तास आहे आणि पुस्तक घ्यायचेच झाले तर तीनशे रुपयांपर्यंत घेता येईल. कोणती पद्धत वापरावी?

गणकयंत्र
ताई, पद्धतीच्या मागे लागू नका, सूत्र पाठ करून घ्या.

dy/dt = −(x/y)·(dx/dt)

पाय २५० वर असताना उंची ६०० येते, म्हणून उत्तर २५० भागिले ६०० गुणिले १२, म्हणजे ५. शिडीचे कोणतेही गणित याने दोन ओळींत सुटते. मी असेच केले आणि मला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले होते. सूत्रात x वर आहे, त्यामुळे पाय दुप्पट अंतरावर गेला की टोकाचा वेगही दुप्पट होतो, एवढे लक्षात ठेवले की उत्तराचा अंदाजही बांधता येतो.

सुताराचा_मुलगा
शिडी अशी लावूच नये, हे कोणीतरी मुलीला आधी सांगायला हवे. आमच्याकडे नियम असा की चार हात उंचीला पाय एक हात बाहेर. साडेसहा मीटरच्या शिडीचा पाय भिंतीपासून साधारण १५८ सेंमीवर हवा. २५० वर ठेवली तर गुळगुळीत फरशीवर ती सुटणारच. माझे वडील एकदा अशाच शिडीवरून पडले. सुरुवातीला शिडी इतकी सावकाश सरकली की त्यांना उतरायला वेळ आहे असे वाटले, आणि शेवटचा भाग मात्र डोळ्याचे पाते लवायच्या आत झाला. पायाला रबरी टोप्या असलेली ॲल्युमिनियमची शिडी घ्या, साडेसहा ते सात हजारांत चांगली मिळते.

निवृत्त_मास्तर
कोनाडाताई, मुलीची चूक फार जुनी आहे आणि ती आकडेमोडीची नाही. २५० ही संख्या केवळ एका क्षणाची आहे, ६५० ही संख्या सगळ्या क्षणांची आहे. तिने x ला २५० केले त्या क्षणी तिने शिडीचा पाय जमिनीला खिळून टाकला; मग खिळलेल्या शिडीचे टोक हलणार नाही, हे तिचे शून्य उत्तर तिच्या समीकरणापुरते अगदी बरोबर आहे.

म्हणून वही उघडल्यावर तिला आधी दोन प्रश्न विचारा. शिडी सरकत असताना काय बदलत नाही? केवळ लांबी. काय बदलते? पायाचे अंतर आणि टोकाची उंची. जे बदलते त्याला अक्षरच राहू द्यायचे, x आणि y. मग प्रत्येक क्षणी खरा असणारा संबंध लिहायचा:

x² + y² = ६५०²

आता दोन्ही बाजू काळाबरोबर कशा बदलतात ते लिहायचे. उजवी बाजू बदलत नाही, म्हणून तिथे शून्य येते.

२x·(dx/dt) + २y·(dy/dt) = ०

इतके झाल्यावरच x = २५०, y = ६००, dx/dt = १२ भरायचे. ६००० अधिक १२०० गुणिले dy/dt बरोबर शून्य, म्हणजे dy/dt = −५. उत्तर सेंमी प्रति सेकंद. ऋण चिन्ह उंची कमी होत असल्याचे सांगते.

गणकयंत्र यांचे सूत्र बरोबर आहे, परंतु त्यांचे शेवटचे वाक्य चूक आहे. पाय २५० वरून ५०० वर गेला की x दुप्पट होतो, पण त्याच वेळी y ६०० वरून सुमारे ४१५ वर उतरलेला असतो. टोकाचा वेग ५ वरून सुमारे साडेचौदावर जातो, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

गणकयंत्र
मान्य, y कडे माझे दुर्लक्ष झाले. पण मास्तर, प्रश्नात "किती वेगाने खाली येत असेल" असे विचारले आहे, तेव्हा उत्तर ५ लिहायचे, उणे ५ नव्हे. उणे ५ ने खाली येणे म्हणजे वर जाणे.

निवृत्त_मास्तर
dy/dt उणे ५ आहे, आणि टोक सेकंदाला ५ सेंमीने खाली येते. दोन्ही वाक्ये लिहावीत. वेग आणि उंचीच्या बदलाचा दर या दोन गोष्टींत मी तरी फरक करतो.

दूरदेशी
मी सध्या दुबईत असतो. माझ्या मुलासाठी आम्ही कलनाचा जाडजूड परदेशी ग्रंथ मागवला, भारतीय रुपयांत साडेचार हजारांच्या आसपास पडला, पण त्यातील आकृत्या पाहण्यासारख्या आहेत. लिमिटपासून रोज एक तास घेतला तर तीन महिन्यांत तो शिडीपर्यंत पोहोचतो आणि मग कुठेच अडत नाही. पाया कच्चा असताना एकच गणित शिकवण्यात मला अर्थ वाटत नाही.

कोनाडा
सर्वांचे आभार. शिडी विकत घ्यायची नाही, ती केवळ गणितातली आहे. तीन महिनेही नाहीत, मंगळवारी चाचणी आहे.

मास्तर, आपले खिळलेल्या पायाचे स्पष्टीकरण मी तिला आजच वाचून दाखवले आणि ते तिला पटले. आता तिची पुढची शंका अशी: x² चे डेरिव्हेटिव्ह २x असते हे तिला पाठ आहे, मग त्याला dx/dt कशासाठी चिकटते? चेन रूल हे उत्तर तिला माहीत आहे, पण ते तिला नाव वाटते, कारण वाटत नाही.

निवृत्त_मास्तर
प्रश्न उत्तम आहे. x ने एक पाऊल टाकले की x² किती वाढते ते २x सांगते. परंतु आपण घड्याळाच्या सेकंदाला किती वाढते ते विचारत आहोत. सेकंदाला x किती पावले टाकतो तेही सांगावे लागते, ते dx/dt. तिला हवे तर आकडे पडताळून पाहू द्या. एक सेकंदानंतर पाय २६२ वर असेल, उंची ५९४.८६ होईल, म्हणजे टोक ५.१४ सेंमी उतरले. एक सेकंद आधी पाय २३८ वर होता, उंची ६०४.८६ होती, म्हणजे त्या सेकंदात ४.८६ उतरले. एका बाजूने कमी, दुसऱ्या बाजूने जास्त, आणि त्या क्षणाचा वेग मधला ५. सेकंदाऐवजी सेकंदाचा दहावा भाग घेतला तर सरासरी ५.०१ येते.

यंत्रशाळा
शेवटी काय होते हे कोणीच सांगितले नाही, म्हणून लिहितो. पाय ६०० वर आला की उंची २५० उरते आणि वेग २८.८ होतो. पाय ६३० वर, उंची १६०, वेग ४७.२५. पाय ६४९ वर पोहोचला की वेग २१६ च्या पुढे. जमिनीला टेकताना y शून्य होतो आणि सूत्राप्रमाणे वेग अनंत व्हायला हवा, जे कोणत्याही शिडीला शक्य नाही. म्हणजे हे गणितच चुकीचे मांडलेले असते.

निवृत्त_मास्तर
गणित चुकीचे नाही, त्याची एक मर्यादा आहे. टोक भिंतीला चिकटलेलेच राहते असे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात टोकाला खाली खेचते ते गुरुत्वाकर्षण, आणि ते हवी तितकी घाई करू शकत नाही. शिडी सर्वत्र सारख्या वजनाची आहे आणि भिंतीशी घर्षण नाही असे मानून मी हिशोब केला: पाय सेकंदाला १२ सेंमीने सरकत राहिला तर टोक सुमारे ३५ सेंमी उंचीवर असताना भिंतीपासून सुटते. त्यानंतर पायथागोरसचा संबंधच लागू नाही, म्हणून सूत्रही नाही. त्या आधी ते पूर्णपणे विश्वासार्ह आहे.

सुताराचा_मुलगा
भिंत आणि फरशीचे घर्षण सोडून कोणता हिशोब खरा होणार? पण शेवटचा भाग झपाट्याने होतो, हे माझ्या वडिलांच्या अनुभवाशी जुळते.

दूरदेशी
तेच तर म्हणतो आहे, पाया पक्का हवा.

कोनाडा
काल अर्धा तास बसलो. आपण सुचवलेले काहीच मी शेवटी जसेच्या तसे वापरले नाही, त्याबद्दल राग नसावा. x² आणि y² हे वर्ग आहेत तर ते कागदावर काढूनच पाहू, असे मुलीच्या मनात आले.

आलेखाच्या कागदावर पायाच्या अंतरावर एक चौरस काढला, बाजू २५०. उंचीवर दुसरा, बाजू ६००. दोघांच्या क्षेत्रफळांची बेरीज नेहमी ६५०² इतकीच राहते, म्हणजे एकाने जितके घेतले तितके दुसऱ्याने सोडायचे. पहिल्या चौरसाची बाजू सेकंदाला १२ ने वाढते, तेव्हा त्याच्या दोन कडांना २५० लांबीच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात: २५० गुणिले १२, दोनदा, म्हणजे सेकंदाला ६००० चौरस सेंमी. तेवढेच क्षेत्रफळ दुसऱ्या चौरसाने गमवायचे. त्याच्याही दोन कडा, प्रत्येकी ६००, मिळून १२००. मग ६००० ला १२०० ने भागले की पट्टीची रुंदी ५. तिने हे बोट ठेवून मोजले आणि २x ला dx/dt का चिकटते हे तिने मलाच समजावून सांगितले: पट्टीची लांबी २५०, आणि रुंदी म्हणजे पायाचा वेग.

कोपऱ्यातला १२ गुणिले १२ चा लहान तुकडा तिला खटकला. मास्तरांचे ५.१४ हे ५ पेक्षा जास्त येते ते मुख्यतः त्यामुळेच असे तिच्या लक्षात आले, कारण पूर्ण सेकंदात पहिला चौरस ६००० नाही, ६१४४ ने वाढतो. सेकंद लहान करत गेले की कोपरा पट्ट्यांपेक्षा फार लवकर संपतो.

निवृत्त_मास्तर
हे फार सुंदर आहे आणि मला सुचले नव्हते. तरी एक सावधगिरी. मंगळवारच्या चाचणीत शंकूच्या टाकीत पाणी भरण्याचे किंवा शिडीचा जमिनीशी कोन किती वेगाने बदलतो असे गणित आले, तर तिथे जोडायला चौरस नसतील. संबंध आधी, डेरिव्हेटिव्ह नंतर, आकडे सर्वांत शेवटी, हा क्रम तिच्याकडून आणखी दोन गणितांवर करून घ्यावा.

कोनाडा
कोनाचे गणित तिने आज घेतले आहे. cos θ = x/६५० इथपर्यंत लिहून झाले, आणि θ बदलत असताना कोणत्या आकृतीला पट्टी जोडायची, हे ती अजून शोधते आहे.

गणकयंत्र
त्याचेही सूत्र माझ्याकडे आहे, हवे असल्यास सांगा.